शून्य शुक्रजंतूंच्या अहवालामागे



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक नियम होता. मूल होत नाही म्हणून कोणी बाई एकटी आली, तर ते तिला परत पाठवत आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन यायला सांगत. आज मी ज्या विकाराबद्दल बोलणार आहे, तो बहुतेक वेळा हा नियम न पाळल्यामुळेच वर्षानुवर्षं लपून राहतो. त्याचं नाव क्लाइनफेल्टर सिंड्रोम. साधारण सहाशे ते साडेसहाशे मुलग्यांमागे एक मुलगा हा विकार घेऊन जन्मतो. तरीही या सभागृहातल्या बऱ्याच जणांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलं असेल.

पुरुषाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यांपैकी दोन लिंग ठरवणारी, एक एक्स आणि एक वाय. या विकारात एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. एकूण संख्या ४७ होते आणि जोडीऐवजी एक्सएक्सवाय असं त्रिकूट बनतं. एवढी मोठी गोष्ट जन्मापासून प्रत्येक पेशीत असूनही ती कळते मात्र तिशीत किंवा पस्तिशीत, लग्नाला चार-सहा वर्षं उलटल्यावर. डेन्मार्कमध्ये गुणसूत्र-तपासणीची देशभराची नोंदवही आहे. तिच्या आधारे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की असे जेवढे पुरुष असायला हवेत त्यांच्यापैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याचं निदान आयुष्यात कधी तरी होतं, आणि वयात येण्याआधी होतं ते दहा टक्क्यांहूनही कमी जणांचं. ज्या देशात प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद जपली जाते तिथली ही गत आहे.

हा विकार प्रथम वर्णिला गेला १९४२ मध्ये. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर ऑलब्राइट हे संप्रेरकांचे मोठे अभ्यासक होते. त्यांच्याकडे हॅरी क्लाइनफेल्टर नावाचा तरुण डॉक्टर शिकायला आला. दोघांनी एडवर्ड रायफेनस्टाइन यांच्यासह नऊ पुरुषांचं वर्णन छापलं: छाती वाढलेली, वृषण लहान, वीर्यात शुक्रजंतू नाहीत आणि मूत्रात एफएसएच या संप्रेरकाचं प्रमाण भरपूर. काम मुख्यतः ऑलब्राइट यांचं होतं, पण त्यांनी शिष्याचं नाव पहिलं घातलं आणि विकाराला तेच नाव चिकटलं. क्लाइनफेल्टर स्वतः पुढे हे मोकळेपणाने सांगत. मात्र या तिघांनाही कारण माहीत नव्हतं. ते कळायला सतरा वर्षं लागली, कारण माणसाच्या पेशीत गुणसूत्रं नेमकी ४६ असतात हेच मुळी १९५६ मध्ये सिद्ध झालं. मग १९५९ मध्ये एडिंबरोत पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी अशा एका पुरुषाच्या पेशी मोजल्या. ४७ गुणसूत्रं निघाली.

आता मी तुम्हाला एका जोडप्याबद्दल सांगतो. कोणी ओळखू येऊ नये म्हणून एकाहून अधिक रुग्णांचे तपशील मी यात एकत्र केले आहेत, पण वैद्यकीय क्रम जसाच्या तसा आहे.

गृहस्थ चौतीस वर्षांचे, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कारकून. उंच, पाय लांब, आवाज मऊ, बोलणं कमी. लग्नाला सहा वर्षं झालेली. पहिली तीन वर्षं सगळ्या तपासण्या पत्नीच्या झाल्या. सोनोग्राफी, संप्रेरकं, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे, आणि शेवटी पोटात दुर्बीण घालून तपासणी, तीही दोनदा. सगळं ठीक निघालं, तरी घरी बोलणी तिलाच बसत होती. चौथ्या वर्षी कोणीतरी नवऱ्याची वीर्यतपासणी सुचवली. अहवालात लिहिलं होतं: शुक्रजंतू शून्य. दुसऱ्यांदा तपासणी झाली, नमुना यंत्रात फिरवून तळाला बसलेला साकाही पाहिला. तिथेही काही नाही.

अशा वेळी पहिलं काम काय असतं? रुग्णाला तपासणं. दोन्ही वृषण हातात घेऊन त्यांचा आकार पाहायला एक मिनिट पुरतं. झ्यूरिकच्या आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये यासाठी एक साधन सुचवलं. ती दोरीत ओवलेल्या बारा लंबगोल मण्यांची माळ आहे, प्रत्येक मण्यावर आकारमान लिहिलेलं, एक मिलिलिटरपासून पंचवीसपर्यंत. डॉक्टर एका हाताने वृषण चाचपतात, दुसऱ्या हाताने मणी, आणि जुळणारा मणी नोंदवतात. प्रौढ पुरुषाचं वृषण साधारण पंधरा ते पंचवीस मिलिलिटर भरतं. मुलगा वयात येऊ लागतो तेव्हा ते चारच्या आसपास असतं. क्लाइनफेल्टर असलेल्या प्रौढाचं वृषण दोन ते चार मिलिलिटरचं, आणि हाताला टणक लागतं. दुसऱ्या फार थोड्या कारणांनी वृषण इतकं लहान आणि घट्ट होतं. म्हणजे ही माळ हातात असेल, तर रक्त काढण्याआधीच निदान जवळपास झालेलं असतं.

या गृहस्थांना मात्र माझ्याकडे येईपर्यंत कोणीही तपासलं नव्हतं. शून्याच्या अहवालावर त्यांना शक्तिवर्धक गोळ्या मिळाल्या. पुढे थकवा येतो, दाढी विरळ आहे, संबंधांची इच्छा कमी आहे, असं त्यांनी दुसऱ्या एका दवाखान्यात सांगितलं. तिथे टेस्टोस्टेरॉन तपासलं, ते डेसिलिटरला १७० नॅनोग्रॅम भरलं. सकाळच्या वेळी, उपाशीपोटी, निरोगी प्रौढात ते साधारण तीनशेच्या वर असतं. कमी आहे म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू झाली, दर तीन आठवड्यांनी एक. त्यांना बरं वाटलं. वजन उचलताना दम लागेना, दाढी दाट झाली. त्यांचा त्या इंजेक्शनांवर विश्वास बसला, आणि तो बसणं स्वाभाविकच होतं.

इथे गुंता झाला. इंजेक्शनं चालू असताना मूल हवं म्हणून ते तिसऱ्या ठिकाणी गेले. तिथे एफएसएच तपासलं गेलं आणि ते सहा आलं, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत. शुक्रजंतू शून्य आणि एफएसएच ठीक, याचा पाठ्यपुस्तकातला अर्थ असा, की वृषण काम करत आहे पण बाहेर येण्याची वाट कुठेतरी बंद आहे. त्यांना तसंच सांगण्यात आलं आणि वाट मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्चही कळवण्यात आला.

हे चुकलं कसं, ते समजून घ्यायला हवं. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएच वृषणातल्या पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं आणि एफएसएच शुक्रजंतू तयार करणाऱ्या नलिकांना चालना देतं. घरात पाणी कमी पडलं की मोटार अधिक वेळ चालवावी लागते, तसं वृषण थकलं की पीयूषिका दोन्ही संप्रेरकं वाढवत नेते. म्हणून क्लाइनफेल्टरमध्ये दोन्ही चढलेली असतात. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं, की पीयूषिकेला वाटतं गरज भागली, आणि ती हात आखडते. या गृहस्थांचं एफएसएच सहा आलं ते इंजेक्शनामुळे दबलेलं. त्याच कागदावर एलएच एकाच्याही खाली होतं. वाट बंद असलेल्या, औषध न घेणाऱ्या माणसात ते इतकं खाली जात नाही. शिवाय वाट बंद असेल तर वृषणाचा आकार चांगला राहतो. त्यांची दोन्ही वृषणं तीन मिलिलिटरची होती.

इंजेक्शनं थांबवली. चार महिने थांबून सकाळी आठ वाजता पुन्हा रक्त घेतलं. एफएसएच ३८, एलएच २४, टेस्टोस्टेरॉन १६५. आता चित्र स्वच्छ होतं. त्यानंतर कॅरिओटाइपसाठी रक्त पाठवलं. या तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस प्रयोगशाळेत वाढवतात, विभाजन अर्ध्यावर असताना औषधाने ते थांबवतात, कारण तेव्हाच गुणसूत्रं सुटी आणि ठसठशीत दिसतात, मग रंग देऊन एकेका पेशीतली गुणसूत्रं मोजतात. त्यांच्या तीसही पेशींत ४७, एक्सएक्सवाय निघालं. काही पुरुषांत थोड्या पेशी ४६ च्या आणि थोड्या ४७ च्या असतात, आणि त्यांच्यात लक्षणं सौम्य असू शकतात. म्हणून एक-दोन पेशींवर अहवाल देत नाहीत.

अहवाल हातात पडल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दल नव्हता. पत्नीला बाहेर बसवून ते म्हणाले, "डॉक्टर, दोन एक्स म्हणजे बाईचे ना? मग मी अर्धा बाई आहे का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कोणी तोंडाने, कोणी नजरेने. त्याचं उत्तर मोघम द्यायचं नसतं. गर्भात वृषण तयार होतं ते वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकामुळे. त्याचं नाव एसआरवाय, आणि ते १९९० मध्ये सापडलं. ते जनुक असलं की वृषण बनतं, मग एक्स एक असो वा दोन. हे गृहस्थ गर्भात असल्यापासून पुरुष आहेत. स्त्रीच्या पेशीतही दोन एक्सपैकी एक मिटवून ठेवलेलं असतं, आणि क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषातही जादा एक्स तसंच मिटतं. १९५६ मध्ये अशा पुरुषांच्या पेशींत ते मिटलेलं गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखं दिसलं होतं. अडचण अशी, की मिटलेल्या एक्सवरची काही थोडी जनुकं चालूच राहतात. उंची वाढवणारं एक जनुक त्यांत आहे. त्याचा डोस जास्त पडतो, म्हणून हे पुरुष सहसा उंच असतात.

वृषणाचं नुकसान मात्र हळूहळू होतं. शुक्रजंतूंच्या मूळ पेशी गर्भातच कमी व्हायला लागतात, आणि वयात येताना त्यांची गळती वेगाने होते. नलिका आतून कडक होत जातात, कित्येक नलिका नुसत्या तंतूंनी भरतात. म्हणून वृषण थोडं वाढतं आणि मग आक्रसतं. मुलगा वेळेवर वयात येतो, मिसरूड फुटते, आवाज बदलतो, संबंध ठेवता येतात. त्यामुळे ना आईबापांना काही वेगळं वाटतं, ना त्याला. शाळेत वाचायला जड जातं, बोलताना शब्द सापडत नाहीत, मुलगा लाजाळू राहतो. असं पुष्कळांच्या बाबतीत दिसतं, सगळ्यांच्या नाही. त्या गोष्टीवरून वर्गात त्याला मंद ठरवलं जातं. बहुतेकांची बुद्धी नेहमीच्या मर्यादेतच असते. अडचण भाषेची असते, आणि लवकर कळली तर शिकवण्याने ती बरीच हलकी होते. चौतीस वर्षांच्या माणसाला हे सांगताना मला नेहमी वाईट वाटतं. ते शांतपणे म्हणाले, "दहावीला तीनदा बसलो साहेब. तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं."

आता उपचाराचा क्रम. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून मी थोडा वेळ घेतो.

टेस्टोस्टेरॉन या विकारात बहुतेकांना लागतं. पण ते सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारायलाच हवा: स्वतःच्या शुक्रजंतूंपासून मूल हवं का? बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन पीयूषिकेला दाबतं, आणि वृषणात जो काही थोडा कारभार चालू असतो तोही थांबतो. म्हणून मूल हवं असेल तर इंजेक्शन पुढे ढकलतात, आणि चालू असेल तर काही महिने बंद ठेवतात. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना हे कोणीच सांगितलेलं नसतं. थकव्याची तक्रार ऐकून, कमी आकडा पाहून सुई देणं सोपं असतं. सुई देणारा वाईट डॉक्टर असतो असं मी म्हणत नाही. पण तरुण, विवाहित माणसाला टेस्टोस्टेरॉन टोचण्याआधी मुलाबद्दल न विचारणं ही माझ्या मते गंभीर चूक आहे.

वीर्यात शून्य असलं तरी वृषणात शून्य असेलच असं नाही. कडक झालेल्या शेकडो नलिकांमध्ये एखाद-दुसरी नलिका जिवंत असते आणि तिच्यात शुक्रजंतू असतात. १९९२ मध्ये ब्रसेल्समध्ये बीजांडात एकच शुक्रजंतू सुईने सोडून गर्भ तयार करायची पद्धत यशस्वी झाली, आणि त्यानंतर या पुरुषांसाठी दार उघडलं. वृषणातून काढलेल्या शुक्रजंतूंपासून क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांना मुलं झाल्याचा वृत्तांत १९९८ मध्ये आला. जिवंत नलिका शोधण्यासाठी न्यू यॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली करायची शस्त्रक्रिया रूढ केली, तिला मायक्रो-टेसे म्हणतात. भूल देऊन वृषण उघडतात आणि पंधरा-पंचवीस पट मोठं करून पाहतात. बारीक, कोरड्या नलिकांमध्ये एखादी जाडसर, पांढुरकी, फुगीर नलिका दिसली तर ती खुडून घेतात. शेजारच्या खोलीत दुसरे तज्ज्ञ ती बारीक करून त्यात शुक्रजंतू शोधत बसतात, तासन्‌तास. सरावलेल्या केंद्रांचे अनुभव एकत्र केले तर सुमारे चाळीस ते पन्नास टक्के पुरुषांत शुक्रजंतू सापडतात. सापडले म्हणजे मूल झालंच असं नाही, पुढे बीजांड, गर्भ, गर्भाशय असा सगळा प्रवास उरतो. मात्र जी मुलं झाली, त्यांतली बहुसंख्य नेहमीच्या गुणसूत्रांची आहेत, हे इथे आवर्जून सांगतो. कारण "माझ्यासारखाच होईल" या भीतीने काही पुरुष प्रयत्नच सोडून देतात.

त्या जोडप्याने प्रयत्न करायचं ठरवलं. शस्त्रक्रियेआधी काही शल्यचिकित्सक वृषणातलं टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या गोळ्या देतात. त्यांचा फायदा नक्की सिद्ध झालेला नाही, हे त्यांना सांगितलं होतं. दोन्ही बाजू उघडून पाहिल्या. शुक्रजंतू सापडले नाहीत.

शोधूनही न सापडल्याचं दुःख वेगळं असतं. त्यातून सावरायला त्यांना काही महिने लागले आणि मी घाई केली नाही. पुढे दोनच वाटा होत्या. दात्याचं वीर्य किंवा दत्तक मूल. सहाय्यित प्रजननाबाबत २०२१ चा कायदा आपल्याकडे आहे. दात्याचं वीर्य नोंदणीकृत पेढीतूनच घ्यावं लागतं, दाता २१ ते ५५ वर्षांचा असावा लागतो, दोघांची लेखी संमती लागते, आणि जन्मणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच असतं. काही जोडपी नातलगाचं वीर्य घ्यायचा विचार करतात. कायद्यात त्याला जागा नाही, आणि घरच्या घरात त्यातून जे ताण उभे राहतात ते मी पाहिले आहेत. या दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि सरकारी पोर्टलवर नोंदणी केली.

मग टेस्टोस्टेरॉन सुरू झालं, या वेळी योग्य वेळी. शस्त्रक्रियेनंतर वृषणाची उरलीसुरली निर्मिती आणखी खाली येते, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. एक हजार मिलिग्रॅमचं तेलातलं इंजेक्शन नितंबाच्या स्नायूत सावकाश टोचतात. दुसरं सहा आठवड्यांनी, नंतर साधारण बारा आठवड्यांनी एक. पुढचं इंजेक्शन देण्याआधी रक्तातली पातळी पाहायची, म्हणजे अंतर कमी करायचं की वाढवायचं ते ठरतं. जेलही मिळतं. पण ते लावलेली त्वचा पत्नीला किंवा मुलाला लागली तर औषध त्यांच्या अंगात जातं, म्हणून घरात लहान मूल येणार असेल तर मी इंजेक्शन सुचवतो.

टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त दाट होतं. रक्तपेशींचं प्रमाण ५४ टक्क्यांच्या वर गेलं की डोस कमी करावा लागतो किंवा थांबवावा लागतो. क्लाइनफेल्टरमध्ये पायांच्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यामुळे एक पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवायला सांगितलं आहे. वाढलेली छाती टेस्टोस्टेरॉनने बसत नाही. त्रास होत असेल तर शस्त्रक्रियाच लागते. छातीत कडक गाठ लागली तर दाखवायची, कारण स्तनाचा कर्करोग या पुरुषांत इतर पुरुषांपेक्षा जास्त आढळतो, जरी एकूण प्रमाण कमीच आहे.

त्यांचा पहिला हाडांचा एक्स-रे, म्हणजे घनता मोजणारी डेक्सा तपासणी, आम्ही इंजेक्शनाआधीच केली. मणक्याची घनता ठिसूळ हाडांच्या पातळीला आली होती. चौतीस वर्षांच्या, रोज सायकलवर कामाला जाणाऱ्या माणसाची. मूल न होणं दिसतं, हाडं विरत जाणं दिसत नाही. मूल नको असलेल्या, लग्न न केलेल्या पुरुषालाही हे निदान मिळायला हवं असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. दोन वर्षांनी तीच तपासणी पुन्हा केली तेव्हा घनता वाढलेली होती. उपाशीपोटीची साखर मात्र सीमेवर आली आहे. पोटावर चरबी साठण्याची आणि मधुमेहाची शक्यता या विकारात जास्त असते. दरवर्षी साखरेवर लक्ष ठेवावं लागेल.

एकदा त्यांच्या आई त्यांच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी विचारलं, गरोदर असताना माझ्याकडून काही चुकलं का? मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो. बीजांड किंवा शुक्रजंतू तयार होताना गुणसूत्रांची जोडी विलग व्हायची असते, ती कधी विलग होत नाही. जवळपास निम्म्या वेळा हे वडिलांच्या शुक्रजंतूत घडतं, उरलेल्या वेळी आईच्या बीजांडात, किंवा क्वचित गर्भधारणेनंतर लगेच. खाणं, काम, ग्रहण, कुणाची नजर, यांतल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. शेजारी या गृहस्थांचा धाकटा भाऊ बसला होता, त्याचं लग्न ठरत होतं. "मग मलाही रक्त तपासावं लागेल का?" त्याने विचारलं. हा विकार सहसा वंशपरंपरेने येत नाही, त्यामुळे केवळ भावाला आहे म्हणून तपासण्याची गरज नव्हती. मी त्याला आत घेतलं, माळ काढली आणि तपासलं. दोन्ही बाजूंना वीसचा मणी जुळला. रक्त न घेताच त्याला घरी पाठवलं.